एनएमएमएसचे बारा हजार आणि माझी तीन पत्रं

लेकीला आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती लागली. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. पालकसभेत शाळेच्या ऑफिसनं सांगितलं होतं, "३१ जानेवारीपर्यंत खात्यावर पडतील." त्या भरवशावर मी दिराकडून उसने घेऊन क्लासची फी भरली. फेब्रुवारीचे दहा दिवस गेले तरी पासबुकात काही नाही.

मग पहिलं पत्र लिहिलं. दीड पान. घरची परिस्थिती, उसनवारी, "तरी लवकरात लवकर रक्कम मिळावी ही नम्र विनंती". क्लार्कनी वाचून बाजूला ठेवलं. "वहिनी, पैसे काय आमच्या कपाटात आहेत होय?"

राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. शाळा फक्त अर्ज तपासून पुढं पाठवते. मग जिल्हा पातळीवर पडताळणी होते आणि त्यानंतर केंद्राकडून रक्कम मुलाच्या आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येते. ३१ जानेवारी ही तारीखसुद्धा गेल्या वर्षीच्या अंदाजानं सांगितलेली होती. म्हणजे शाळेकडं पैसे मागून उपयोग नव्हता. अर्ज कुठं अडकलाय हे मात्र त्यांना लॉगिन करून बघता येत होतं, आणि तेवढंच विचारायचं मी विसरले होते.

हे मलाही scholarships.gov.in वर बघता आलं असतं, पण अर्ज शाळेत भरताना मोबाइल नंबर एका सरांचा टाकलेला. ओटीपी त्यांच्याकडं जायचा. नवीन पालकांनो, अर्ज भरतानाच आपला नंबर टाकून घ्या.

दुसरं पत्र असं होतं:

*प्रति, मा. मुख्याध्यापक*
*विषय: एनएमएमएस शिष्यवृत्ती जमा न झाल्याबाबत*
*संदर्भ: पालकसभेत दिलेली ३१ जानेवारी ही तारीख*

*महोदय,*
*माझी मुलगी इयत्ता नववी (ब) मध्ये शिकते. तिचा अर्ज क्रमांक व आधारचे शेवटचे चार आकडे सोबतच्या प्रतीवर आहेत. १२ फेब्रुवारीपर्यंत खात्यात रक्कम जमा नाही. पासबुकाची प्रत जोडली आहे. कृपया कळवावे: १) शाळेने व जिल्ह्याने अर्जाची पडताळणी कोणत्या तारखेला केली? २) सध्या अर्जाची स्थिती काय दिसते? ३) रक्कम परत गेली असल्यास कारण काय? २० फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावे, म्हणजे बँकेकडील काही काम असल्यास मी लगेच करू शकेन.*

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. त्यामुळं पत्र तक्रारीचं वाटत नाही आणि समोरच्याला उत्तर द्यायला वाट राहते. आधारचे फक्त शेवटचे चार आकडे लिहिले. पूर्ण नंबर ऑफिसच्या फायलीत फिरायला नको. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. शिपाईमामा म्हणाले, "ठेवा टेबलावर, सर बघतील." तरी मी अर्धा तास बाकावर बसून राहिले. पहिल्या पत्राला आवक क्रमांक नव्हता, म्हणून ते दिलं होतं हे दाखवायलाही माझ्याकडं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी क्लार्कनीच फोन केला. दोन्ही पडताळण्या झालेल्या, रक्कमही निघालेली, पण बँकेकडून परत गेलेली.

मी गंगावेशीजवळच्या आमच्या बँकेत गेले. तिथं म्हणाले, "आधार लिंक आहे की." इथंच बहुतेकांची गफलत होते. केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात यायचे त्याची एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडची नोंद वेगळी. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. आधारच्या साइटवर लॉगिन करून Bank Seeding Status उघडलं, तर आमच्या कागलकडच्या गावातल्या बँकेचं नाव! पोरगी पहिलीत असताना गणवेशाच्या पैशासाठी काढलेलं खातं. शहरात आल्यावर आम्ही ते बंद केलं, नोंद मात्र तशीच राहिली. रक्कम बंद खात्याकडं गेली आणि परतली. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक बरोबर होता, पण आधारवरून पैसे येतात तेव्हा तो बघितलाच जात नाही.

शहरातल्या बँकेत डीबीटीच्या, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात घेण्याच्या संमतीचा फॉर्म भरला. पाच दिवसांनी साइटवर नाव बदललेलं दिसलं. त्या पानाची प्रिंट जोडून शाळेला तिसरं, चार ओळींचं पत्र दिलं: नोंद दुरुस्त झाली आहे, रक्कम पुन्हा पाठवण्यासाठी शिक्षणाधिकारी कार्यालयास कळवावे. त्याचाही आवक क्रमांक घेतला आणि एक प्रत नागाळा पार्कला जिल्हा परिषदेत नेऊन दिली. तिथल्या बाईंनी आधी शाळेचा शिक्का बघितला आणि मगच कागद हातात घेतला.

पैसे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आले. दिराचे त्याच संध्याकाळी फेडले. आता दर जूनमध्ये शाळेत नूतनीकरणाचं विचारायला जायच्या आधी मी ते Bank Seeding Status एकदा उघडून बघते.