आण्णांच्या साठीला कोल्हापुरी चप्पल: या चुका टाळा

ताईनं पुण्याहून आण्णांना हातावरचं डिजिटल घड्याळ पाठवलं होतं. पावलं मोजणारं. चार दिवस त्यांनी ते बांधलं, पाचव्या दिवशी म्हणाले, "ह्याला रोज चार्जिंग लागतंय, मला लागत न्हाई." तेव्हापासून ते कपाटात आहे. हॉल घेऊन साठीची शांत करायचा विषय काढला, तर त्या आठवड्यात ते गावी निघून जायच्या तयारीत होते. शाल, फेटा, स्टेजवरची खुर्ची या तीन गोष्टींचा त्यांना मनापासून कंटाळा.

असा माणूस घरात असेल, तर त्याला नवी वस्तू देऊ नका, तो रोज वापरतो तीच चांगली करून द्या. आमच्या घरात ती वस्तू होती पायातली कोल्हापुरी. कोल्हापुरात राहून चप्पल भेट देणं म्हणजे समुद्रावर मीठ नेण्यासारखं, असं मलाही वाटलं होतं. शिवाय चप्पल ही सोपी भेट, दुकानात जायचं आणि आणायची. मी तशीच आणली, आणि पैसे वाया घालवले. दुसऱ्या खेपेला जमलं. मधल्या काळात जे कळलं ते इथे देतो.

तारीख दाखल्यावरून धरू नका

आण्णांच्या दाखल्यावर १ जून १९६५ आहे. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. आजी मात्र सांगायची, दिवाळी होऊन आठवडा झाला होता. इथे नुसत्या भावनेचा प्रश्न नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात पाऊस लागतो, आणि कातडी चप्पल पावसात घालायची नसते. १ जूनला दिली, तर ती चार महिने कागदात गुंडाळून माळ्यावर जाणार आणि दसऱ्याला बुरशीसकट बाहेर येणार. खरा वाढदिवस पावसाळ्यातच येत असेल, तर माप तेव्हा घ्या आणि चप्पल दसऱ्याच्या सुमाराला द्या. ज्याला गाजावाजा नको आहे, त्याला तारखेचंही काही पडलेलं नसतं.

नंबर सांगून चप्पल घेऊ नका

माझी मोठी चूक हीच. आण्णांच्या फ्लोटरच्या तळावर नऊ आकडा होता. मी तोच सांगून तयार जोड आणला. लांबीला बरोबर बसला, पण त्यांचा चवडा रुंद आहे. करंगळी तळाच्या बाहेर लोंबायची आणि चपलेच्या कानाची, म्हणजे बाजूच्या पाकळीची, कड आतून घासायची. ते काय म्हणाले? "बरी हाय." आणि दुसऱ्या दिवशी जुनीच घालून मंडईला गेले.

अबोल बापाकडून तक्रार ऐकायची वाट बघू नका, चप्पल बघा. रोज वापरातल्या कोल्हापुरीच्या तळावर दोन-तीन आठवड्यांत पायाचा गडद ठसा उमटतो. महिनाभरानंतरही तळ कोरा असेल, तर चप्पल बरी नाही.

नंबर फक्त लांबी सांगतो. कोल्हापुरीत खरा प्रश्न असतो चवड्याची रुंदी, पावलाच्या वरची उंची आणि अंगठ्याची जागा यांचा. तळाची लांबी-रुंदी पुढे वाढत नाही. पट्टा मात्र घालून घालून सैलावतो. म्हणून नवीन जोडाचा पट्टा थोडा घट्ट असलेला चालतो, पण टाच किंवा करंगळी बाहेर जाता कामा नये. दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणतो ते पट्ट्यापुरतं खरं आहे.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जुन्या कॅलेंडरचा कागद फरशीवर पसरायचा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करायचं. बसून घेतलेलं माप अरुंद येतं. पेन्सिल सरळ उभी धरायची, तिरकी झाली की रेघ पायाखाली जाते. दोन्ही पायांची रेघ काढायची, कारण बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधली जागा ठिपक्यानं दाखवायची. मग दोरा घेऊन एकदा चवड्याभोवती आणि एकदा जिथे पट्टा येणार तिथे पावलाभोवती फिरवायचा, तेवढा तोडून त्याच कागदावर चिकटवायचा.

पण "आण्णा, जरा कागदावर उभे राहा" म्हटलं की "कशाला रे?" येणार, आणि तिथेच बेत फुटणार. यावर दोन उपाय आहेत. एक, जुनी झिजलेली कोल्हापुरी घेऊन तिच्यावरचा पायाचा ठसा कागदावर उतरवून घ्यायचा. चपलेची कड नाही, ठसा. ठसा एखाद्या ठिकाणी कडेच्या बाहेर जाताना दिसला, तर जुनी तिथे अपुरी होती असं समजायचं. फ्लोटरच्या आतल्या ठशाचा मात्र उपयोग होत नाही, त्यात पाय वेगळा बसतो.

दुसरा उपाय मी केला. जुन्या जोडाचा अंगठा, म्हणजे बोट अडकवायची कातडी कडी, निघाला होता. "शिवून आणूया" म्हणून आण्णांनाच गाडीवर घालून कारागिराकडे नेलं. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यानं दुरुस्तीच्या बोलाबोलात पाय कागदावर ठेवायला लावला. आण्णांना काहीतरी संशय आला असणार, पण ते बोलले नाहीत.

सगळ्यात भारी जोड निवडू नका

भेट म्हटली की हात आपोआप जरीच्या वेणीकडे आणि गोंड्याकडे जातो. तो नवरदेवाचा जोड झाला. आणि करकर वाजणारी तर अजिबात नको. त्या आवाजासाठी तळाच्या थरांमध्ये विंचू नावाचं बी घालतात. पैलवानाला ते शोभतं. आमचे आण्णा देवळात मागच्या दारानं जाणारे, त्यांना दर पावलाला स्वतःची वर्दी द्यायला लावणं म्हणजे शिक्षाच. ऑर्डर देताना स्पष्ट सांगा: विंचू नको, गोंडा नको, रंग कातड्याचा मूळचाच ठेवा.

आम्ही साधी कापशी घेतली. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून हे नाव पडलं. तळाला म्हशीचं कातडं आणि वेणीला शेळीचं, म्हणजे खाली जाड आणि वर मऊ. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं आहे का, हे विचारा. उत्तरावर विसंबायचं नसेल, तर तळाच्या आतल्या बाजूला ओलं बोट टेकवा. असं कातडं पाणी पिऊन तेवढ्यापुरतं गडद होतं, रेक्झिनवर थेंब तसाच बसून राहतो. कडेनं बघितलं की थर दिसले पाहिजेत, आणि शिवण कातडी वादीची हवी, खिळ्यांची नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. म्हणजे बेळगावकडून आलेला जोडही अस्सल असू शकतो. चप्पल लाईनीत त्यावरून वाद घालत बसू नका, थर आणि शिवण बघा.

साठीच्या माणसासाठी आणखी एक गोष्ट सांगून घ्यावी. नुसता कातडी तळ ओल्या गुळगुळीत फरशीवर सटकतो. खाली पातळ रबर लावून मागा. जुने कारागीर नाक मुरडतात, पण लावून देतात. ऑर्डर आधी द्या. आम्हाला बारा दिवस लागले, दिवाळीच्या गर्दीत त्याहून जास्त लागू शकतात.

साखर असेल तर आधी पाय बघा

वडिलांना बरीच वर्षं मधुमेह असेल, तर ही भेट बहुतेक चुकीची आहे. पायाची जाणीव कमी झालेली असते, अंगठ्याची कड बोटाला घासत राहते आणि जखम होईपर्यंत कळतच नाही. चालताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांच्या लक्षात येत नसेल, तर ते लक्षण गंभीर समजा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा पायाला एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बंद बूट लागतो. तोही मापानं करून देता येतो, आणि भेट म्हणून तो काही कमी नाही.

दिली आणि विसरलो, असं करू नका

आम्ही केक आणला नाही. मंगळवारी सकाळी आण्णा गंगावेशीत दूध प्यायला निघाले, तेव्हा उंबऱ्याजवळ जुन्या जोडाच्या जागी नवा ठेवलेला होता. आई म्हणाली, चप्पल फुकट देऊ नये, रुपया घे. आण्णांनी खिशातून एक रुपया काढून दिला, पाय घातला आणि गेले. समारंभ संपला. शनिवारी मात्र देऊ नका, आमच्याकडे चालत नाही, उगाच आजीची बोलणी बसतील.

खरं काम इथून पुढे असतं. पहिल्याच दिवशी नवा जोड घालून रंकाळ्याला फेरी मारली, तर चप्पल चावणारच. पहिला आठवडा घरात आणि अंगणात तासभर, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आदल्या रात्री फडक्याला थोडं एरंडेल लावून पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूनं फिरवावं. तळाला तेल नको, तो मऊ पडतो आणि धूळ धरतो.

तरीही चावत असेल, तर कुठे चावते ते बघा. अंगठ्याच्या मुळाशी लाल होत असेल, तर अंगठा अरुंद आहे. कारागीर तो साच्यावर ताणून देतो, नाहीतर बदलतो. पावलावर आडवा वळ उठत असेल, तर पट्टा घट्ट आहे, तो बहुधा दोन आठवड्यांत बसतो. टाचेला मागची कड लागत असेल, तर लांबी कमी पडली आहे. त्याला उपाय नाही, जोड परत करा. आण्णांच्या उजव्या चपलेचा अंगठा एकदा ताणून घ्यावा लागला. डावीचं काही झालं नाही.

अवकाळीत भिजलीच, तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, थर वाकडे होऊन सुटतात. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कापडी पिशवीत ठेवा, आणि पंधरा दिवसांनी काढून कोरड्या फडक्यानं पुसा.

मापाच्या कागदावर तारीख घालून तो मी फायलीत ठेवला आहे. पुढच्या जोडाला जसाच्या तसा वापरणार नाही, कारण वयाबरोबर पाऊल थोडं पसरतं. पण नवीन रेघ जुन्या रेघेवर ठेवून बघितली, की फरक कुठे पडला ते कारागिराला लगेच दाखवता येतं.