पत्रिकेतला परिचय: गाणाऱ्याचा वाटावा, अर्जातला नव्हे

शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमांचं निवेदन करता करता कलाकारांचे परिचय लिहून देण्याचं कामही माझ्याकडे आलं. तरुण गायक-वादक स्वतःचा परिचय पाठवतात तेव्हा तो बहुतेक असा असतो: ‘वयाच्या पाचव्या वर्षी संगीताचा श्रीगणेशा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीत विशारद, प्रथम श्रेणी. एम. ए. संगीत. आकाशवाणीची मान्यताप्राप्त कलाकार. अमुक शिष्यवृत्ती, तमुक पुरस्कार. देशविदेशात अनेक मैफली. भावपूर्ण गायकीने रसिकांना मंत्रमुग्ध करते.’

यात खोटं काही नाही, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला हे सगळं लागतंच. पण त्याच संध्याकाळच्या दुसऱ्या गायिकेच्या परिचयाशी नावांची अदलाबदल करून पाहा. कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तो परिचय कुणाचाच नाही. पत्रिका वाचणारा माणूस खुर्चीत बसलाय, पडदा उघडायला पाच-सात मिनिटं आहेत, आणि त्याला एवढंच हवंय की ही मुलगी गायला लागली की कान कुठे द्यायचा. विशारदला प्रथम श्रेणी होती म्हणून त्याला गाणं वेगळं ऐकू येणार नाही.

एका गायिकेचा परिचय कसा बदलला ते सविस्तर सांगते. जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम, वय तिशीच्या आत, सायंकाळच्या सत्रात पहिलं गाणं. तिचा मजकूर वर दिलाय तसाच होता. मी तिला फोन केला. ‘तुझा प्रवास सांग’ असं कधी विचारू नये. तसं विचारलं की माणूस पुन्हा पाचव्या वर्षापासून सुरू करतो. मी विचारलं, ‘गुरुजी सगळ्यात जास्त कशावरून थांबवतात?’

ती हसली. म्हणाली, ‘ताई, सुरुवातीला भूपच. दुसरा राग नाहीच. आणि मी धैवतावर जरा रेंगाळले की हात वर करायचे आणि विचारायचे, काय गं, सकाळ झाली का?’

गाणं शिकणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूप संध्याकाळचा, त्यात गंधार मोठा. देशकार सकाळचा, त्यात धैवत मोठा. भूप गाताना धैवतावर मुक्काम वाढला की देशकार डोकावतो. गुरुजींच्या एका वाक्यात तालीम, शिस्त, विनोद सगळं आलं. असं वाक्य बोलताना सहज निघतं, लिहायला बसलं की सुचत नाही. म्हणून फोनवर बोलतानाच मी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेते.

मग विचारलं, ‘सध्या काय बसवते आहेस?’ ती बसंती केदार म्हणाली. जयपूरवाल्यांचा लाडका जोडराग. ‘बसंतातून केदारात शिरताना सांधा दिसता कामा नये, आणि माझा अजून दिसतो.’ हेही उतरवलं.

छापला तो मजकूर असा (नावं गाळली आहेत):

‘भूप गाताना धैवतावर जास्त थांबलं की तिचे गुरुजी विचारायचे, “सकाळ झाली का?” कारण याच पाच सुरांचा देशकार हा सकाळचा राग. दोन रागांमधली ही बारीक सीमा सांभाळायला शिकणं, ही तिची पहिली काही वर्षं. जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम तिला (गुरूंचं नाव) यांच्याकडून मिळाली. त्यांना ती (गुरूंच्या गुरूंचं नाव) यांच्याकडून मिळाली होती. सध्या ती जोडरागांच्या मागे आहे. दोन राग जोडलेला सांधा ऐकू येऊ नये, हा तिचा ध्यास. संगीत विशारद आणि आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार. मुक्काम कोल्हापूर.’

विशारद आणि आकाशवाणी काढून टाकली नाहीत, मागे नेली. आयोजकांना ती हवी असतात, आणि घरच्यांनाही. ‘मंत्रमुग्ध’ मात्र गेलं, कारण ते ठरवणं श्रोत्यांचं काम. ‘अजून सांधा दिसतो’ हे तिचं म्हणणंही जसंच्या तसं छापलं नाही. फोनवर ते प्रामाणिक वाटतं. छापलं की श्रोता नेमका तो सांधाच शोधत बसतो. त्याचा ‘ध्यास’ केला. एवढी कात्री चालवावीच लागते.

परिचय तृतीयपुरुषीच ठेवा. ‘मी’ने लिहिलं की जास्त जवळचं वाटेल असं नवख्यांना वाटतं, पण तोच मजकूर निवेदक माइकवर वाचतो, आणि त्याच्या तोंडी ‘मी’ विचित्र वाटतो. आवाज कलाकाराचा येतो तो तपशिलातून. छापण्याआधी मोठ्याने वाचून पाहा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. ऐंशी-नव्वद शब्द सावकाश वाचले तर पाऊण-एक मिनिट लागतं. त्यापुढे सभागृहात खोकले सुरू होतात.

गुरूंचं वाक्य वापरणार असाल तर मजकूर आधी गुरूंना दाखवा. ही औपचारिकता समजू नका. वरच्या मजकुरात गुरुजींनी स्वतःच्या वाक्याला हसून मान्यता दिली, पण ‘माझ्या गुरूंचं नाव घाल’ एवढं सांगितलं. मूळ खर्ड्यात ते नव्हतं. आपल्याकडे परंपरेचं नाव गाळलेला परिचय उद्धट वाटतो, मग तो कितीही सुंदर लिहिलेला असो.

आणखी एक धोका रागाच्या नावाचा. ‘आज ती बसंती केदार सादर करेल’ असं मी लिहिलं नाही. पत्रिका आठवडाभर आधी छापायला जाते, आणि काय गायचं ते कधी कधी तंबोरे लागल्यावर ठरतं. आधीच्या सत्रात कुणी तोच राग गाऊन गेलं, घसा बसला, वेळ कापली, काहीही होतं. म्हणून परिचयात ‘सध्या कशाच्या मागे आहे’ एवढंच सांगावं. त्या संध्याकाळी तिने पूरिया धनाश्री गायला आणि परिचय कुठेच खोटा पडला नाही. नावापुढे ‘पंडित’ किंवा ‘विदुषी’ स्वतःहून लावणं तर टाळाच. जाणकारांच्या पहिल्या रांगेत भुवया उंचावतात.

राहिले साथीदार. तबला आणि संवादिनीवाल्यांना पत्रिकेत बहुतेक नाव आणि ‘साथ’ एवढंच मिळतं. आयोजकांकडे जागा मागून घ्या, दोन ओळी मिळतातच. तबलजींना ‘कुणाकडे शिकलात’ विचारण्याआधी ‘विलंबित तीनतालाला ठेका धरताना काय सांभाळता’ असं विचारा. एकांनी मला सांगितलं, ‘गाणाऱ्याचा श्वास. तो कुठे तुटतो ते पहिल्या दोन आवर्तनांत कळतं.’ त्यांच्या दोन ओळींत तेच छापलं.

मजकूर पाठवताना लांब आणि तोकडा असे दोन्ही पाठवा. जागा कमी पडली की छापखान्यात खालच्या ओळी उडतात; म्हणून परीक्षा आणि मान्यता तळाशी, गुरूंचं नाव मधे आणि तालमीचा तपशील पहिल्या ओळीत असू द्या. तोकडा मजकूर तीन वाक्यांचा: धैवताचं वाक्य, गुरूंचं नाव, सध्याचा ध्यास.