समुद्राच्या पाण्याच्या आरओसाठी किती दाब लागेल, हे कसे काढावे

घरातल्या आरओ फिल्टरला समुद्राचे पाणी जोडले तर गोडे पाणी येत नाही. आतले मेंब्रेन, म्हणजे पाणी जाऊ देणारा पण मीठ अडवणारा पडदा, खराब असते म्हणून नव्हे. समुद्राच्या प्लांटमध्येही त्याच जातीचे पॉलिअमाइडचे पातळ मेंब्रेन वापरतात. घरच्या फिल्टरमधला पंप साधारण पाच-सहा बार दाब देतो आणि समुद्राच्या पाण्याला किमान 26 बार लागतात, एवढीच अडचण आहे. हे 26 बार कुठून येतात आणि प्रत्यक्ष प्लांट 26 वर न चालता 55 ते 65 बारवर का चालतो, हे कागद-पेन घेऊन काढता येते. वजाबाकी-भागाकार आला की पुरे.

पहिली पायरी: समुद्र किती जोराने पाणी ओढतो, ते काढा

मेंब्रेनच्या एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी ठेवले, तर पाण्याचे रेणू दोन्ही दिशांनी ये-जा करतात. पण खाऱ्या बाजूच्या पाण्यात मिठाचे आयन मिसळलेले असल्याने तिथून बाहेर पडण्याकडे पाण्याचा कल कमी असतो. त्यामुळे एकूण हिशेबात पाणी गोड्याकडून खाऱ्याकडे जाते. हेच परासरण. खाऱ्या बाजूवर दाब दिला की तिथल्या पाण्याचा बाहेर पडण्याचा कल वाढतो. ज्या दाबाला दोन्हीकडची ये-जा सारखी होते, तो त्या पाण्याचा परासरण दाब. तेवढ्यावर थांबलात तर पाणी कुठेच सरकत नाही. त्याच्या खाली राहिलात तर उलट तुमचेच गोडे पाणी खाऱ्यात जाते. त्याच्या वर गेलात तरच प्रवाह उलटतो.

हा दाब काढण्याचे सूत्र रसायनशास्त्रज्ञ व्हँट हॉफ यांनी 1880 च्या दशकात मांडले:

```
π = c · R · T
```

इथे c म्हणजे एका लिटरमधले विरघळलेल्या कणांचे मोल, R हा वायूंच्या सूत्रातलाच स्थिरांक (0.0831) आणि T केल्विनमधले तापमान. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते सगळे साधे मीठ आहे असे धरा. मिठाचा एक मोल 58.4 ग्रॅमचा, म्हणजे 0.6 मोल झाले. प्रत्येक मिठातून सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण सुटतात, म्हणून c झाला 1.2. तापमान 25 अंश सेल्सिअस म्हणजे 298 केल्विन. गुणाकार केला की जवळपास 30 बार येतात.

खरा आकडा यापेक्षा कमी, 26 बारच्या आसपास आहे. एवढ्या दाट द्रावणात आयन एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे ते पूर्ण सुटे असल्यासारखे वागत नाहीत. शिवाय समुद्रात सल्फेटसारखे जड आयनही आहेत, म्हणजे तेवढ्याच वजनात कणांची संख्या थोडी कमी भरते. हाताने हिशेब करताना मी एक सोपा नियम वापरतो: लिटरमागे एक ग्रॅम क्षाराला पाऊण बार. 35 ग्रॅमला 26 बार बरोबर बसतात. खूप दाट पाण्याला हा नियम किंचित कमी आकडा देतो, पण अंदाजाला पुरतो. याच नियमाने लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेल्या नळाच्या पाण्याचा परासरण दाब अर्ध्या बारपेक्षाही कमी निघतो, म्हणून घरचा छोटा पंप तिथे सहज पुरतो.

दुसरी पायरी: 26 च्या वर जरासे जाऊन भागत नाही, हे तपासा

इथे बहुतेक लोक थांबतात आणि 27 बारवर काम होईल असे धरतात. पाणी येईल, पण पिता येणार नाही.

मेंब्रेनमधून पाणी किती येते, ते दिलेला दाब वजा परासरण दाब यावर ठरते. या उरलेल्या दाबाला निव्वळ दाब म्हणू. समुद्रासाठीच्या मेंब्रेनमधून एका बारच्या निव्वळ दाबाला, एका चौरस मीटरमधून, तासाला साधारण एक लिटर पाणी येते असे धरू. मीठ मात्र वेगळ्या नियमाने जाते. कोणतेच मेंब्रेन मीठ शंभर टक्के अडवत नाही. मीठ पाझरते ते दोन बाजूंच्या खारटपणातल्या फरकामुळे, दाबाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. आपल्या उदाहरणातल्या मेंब्रेनमधून चौरस मीटरमागे तासाला अडीच ग्रॅम मीठ पाझरते असे समजू.

आता 27 बार द्या. निव्वळ दाब एक बार, पाणी एक लिटर आणि त्यात अडीच ग्रॅम मीठ. लिटरला एक ग्रॅमच्या वर क्षार गेले की पाणी पिववत नाही. हे त्याच्या अडीच पट झाले. दाब वाढवून निव्वळ 25 बार मिळवा. पाणी 25 लिटर येते, मीठ तेच अडीच ग्रॅम. लिटरला 100 मिलिग्रॅम. मेंब्रेन तेच, समुद्र तोच, फक्त मीठ जास्त पाण्यात विभागले गेले. दाब वाढवल्याने चाळणी बारीक होते असा समज सर्रास आढळतो. तसे काही होत नाही. पाण्याची धार मोठी होते, म्हणून पाणी गोड लागते.

तिसरी पायरी: शेवटच्या मेंब्रेनपाशी पाणी किती खारट झाले, ते काढा

आत येणारे पाणी 26 बारचे असले तरी ते तसे राहत नाही. गोडे पाणी निघून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून प्लांटचा दाब सुरुवातीच्या पाण्यावर ठरत नाही, शेवटच्या पाण्यावर ठरतो.

प्लांटमध्ये एका लांब नळकांड्यात साधारण सात मेंब्रेन एलिमेंट, म्हणजे मेंब्रेनच्या गुंडाळ्या, एकामागे एक बसवलेल्या असतात. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून 40 लिटर गोडे काढायचे ठरवले, म्हणजे रिकव्हरी 40 टक्के. उरलेल्या 60 लिटरमध्ये जवळपास सगळे मीठ राहते. 35 ला 0.6 ने भागा: लिटरला 58 ग्रॅम. पाऊण बारच्या नियमाने शेवटचा परासरण दाब 44 बार. सुरुवातीला पुरेसे वाटणारे 40 बार इथे कमी पडले असते आणि शेवटची एलिमेंट नुसती बसून राहिली असती.

याला दोन गोष्टी जोडा. मेंब्रेनच्या अगदी पृष्ठभागाशी मिठाचा दाट थर साचतो, कारण पाणी पलीकडे जाते आणि मीठ तिथेच अडते. मेंब्रेनला तो थर जाणवतो, मधल्या प्रवाहाचा खारटपणा नव्हे. शेवटच्या एलिमेंटपाशी यासाठी आणखी दोन बार धरा. आणि सात एलिमेंटमधून वाहताना दीड बार घर्षणात जातो.

चौथी पायरी: दाब निवडा आणि दोन्ही टोके तपासा

शेवटी 46 बारचा विरोध, दीड बार घर्षणाचा, आणि शेवटच्या एलिमेंटलाही काम करता यावे म्हणून सात-आठ बार निव्वळ दाब. बेरीज 55.

समुद्राचे पाणी आत येते त्या पुढच्या टोकाला पाहा. तिथे धार मोठी असते, म्हणून पृष्ठभागावरचा थरही दाट; विरोध 26 ऐवजी 29 बार धरा. निव्वळ दाब 26, म्हणजे तासाला चौरस मीटरमागे 26 लिटर, आणि लिटरला सुमारे 100 मिलिग्रॅम क्षार. मागच्या टोकाला निव्वळ साडेसात बार. तिथे पाणी जास्त खारट असल्याने मीठही जास्त पाझरते, चार ग्रॅमच्या वर. साडेसात लिटरमध्ये ते लिटरला साधारण 570 मिलिग्रॅम होते. एकाच नळकांड्याची दोन टोके इतकी वेगळी वागतात. सगळे एकत्र केल्यावर लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, ते चांगलेच आहे.

रिकव्हरी वाढवून जास्त पाणी काढण्याचा मोह होतो. रिजेक्टचा, म्हणजे उरलेले दाट पाणी बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह थोडा बंद केला की झाले, असे वाटते. पण 55 बारला पाऊण बारने भागून पाहा: लिटरला 73 ग्रॅमपाशी परासरण दाबच 55 होतो. म्हणजे साधारण 50 टक्क्यांच्या पुढे पाणी सरकणारच नाही, मग कितीही एलिमेंट जोडा. 60 टक्क्यांसाठी नुसता विरोधच 66 बारचा, आणि समुद्रासाठीची बहुतेक एलिमेंट 83 बारपर्यंतच सोसतात. म्हणून समुद्राच्या प्लांटची रिकव्हरी 40 ते 50 टक्क्यांत अडकलेली दिसते.

खोल समुद्रातला दाब फुकट वापरता येईल का, असे कोणी विचारले तर हाच हिशेब करा. तळाला मेंब्रेन लावलेली रिकामी नळी 300 मीटर खोल सोडली, तर तिथे 30 बार दाब असतो आणि गोडे पाणी खरोखर आत झिरपते. पण नळीत 40 मीटर चढले की फरक 26 बारवर येतो आणि ते थांबते. वरचे 260 मीटर तुम्हालाच उपसावे लागतात. एक घनमीटर तेवढे उपसायला सुमारे 0.7 युनिट वीज लागते, आणि 26 बारच्या विरुद्ध एक घनमीटर ढकलायलाही तेवढीच.

पाचवी पायरी: चालू प्लांटमध्ये निव्वळ दाबावर लक्ष ठेवा

पंपाचा गेज 55 दाखवतो म्हणून सगळे ठीक, असे समजू नका. पाणी गार झाले की दर अंशाला मेंब्रेनची धार सुमारे तीन टक्क्यांनी घटते; दहा अंशांच्या फरकात हा मोठा आकडा होतो. परासरण दाब मात्र तेवढ्यात जेमतेम तीन टक्के बदलतो. म्हणून थंडीत पाणी कमी आले तर आधी तापमान पाहा, मेंब्रेनला दोष नंतर द्या. तापमान तेच असताना धार घटली आणि पुढच्या-मागच्या गेजमधला फरक दीड बारवरून अडीच-तीनवर गेला, तर पुढच्या एलिमेंटमध्ये गाळ किंवा जिवाणूंचा चिकट थर बसला आहे. धार वाढली आणि पाणीही खारट येऊ लागले, तर मेंब्रेनला क्लोरीन लागले असण्याची शक्यता मोठी. पॉलिअमाइड ते सोसत नाही.

पंप बंद करतानाही परासरण थांबत नाही. दाब गेला की 44 बारचे दाट पाणी मेंब्रेनच्या एका बाजूला तसेच राहते आणि गोड्या बाजूचे पाणी उलट ओढू लागते. मागून आलेल्या या दाबाने मेंब्रेनचे थर सुटू शकतात, आणि गोड्या बाजूची नळी रिकामी असेल तर हवा आत शिरते. म्हणून बंद करताना गोड्या पाण्याची टाकी पुरेशी भरलेली ठेवा, त्यातले पाणी कमी दाबाने खाऱ्या बाजूला सोडा, आणि बाहेर पडणाऱ्या रिजेक्टची चालकता, म्हणजे खारटपणाचे माप, खाली येऊन स्थिर झाली की व्हॉल्व्ह बंद करा.