३६० अंशांचा व्हिडिओ पाहून घेरी येते? या चुका टाळा

आमच्या कोकणातल्या घराचा ३६० अंशांचा व्हिडिओ मी मोठ्या हौसेने केला आणि आत्याच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला. अर्ध्या मिनिटात तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. "अरे, घर कलंडतंय! काढ हे आधी." दोष हेडसेटचा नव्हता, तिच्या वयाचाही नव्हता. माझ्या चित्रीकरणाचा होता.

घाटात एसटीत बसून पुस्तक वाचलं की गाडी लागते, कारण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणं जाणवतात, पण डोळ्यांसमोरचं पान स्थिर असतं. हेडसेटमध्ये हेच उलटं होतं. डोळे म्हणतात आपण चाललोय, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. या भांडणातून मळमळ सुरू होते. सरळ, एकसारख्या वेगाची हालचाल एकवेळ सोसते, कारण खऱ्या आयुष्यातही कानाला तिचा पत्ता लागत नाही. पण वेग बदलणं, वळणं आणि डोलणं ही तिन्ही त्रास देतात. मी तर कॅमेरा लावलेली स्टिक हातात धरून अंगणातून ओटीवर, तिथून माजघरात आणि मागच्या विहिरीपर्यंत चालत गेलो होतो. म्हणजे तिन्ही एकत्र.

दुसऱ्यांदा चालणं बंद केलं. पाच जागा ठरवल्या, प्रत्येक जागी कॅमेरा मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर उभा केला आणि प्रत्येकी अर्धा मिनिट चित्रण करून स्वतः दाराआड लपलो. लपावं लागतंच, कारण या कॅमेऱ्याला मागची बाजू नसते. उंची साधारण दीड मीटर ठेवली. स्टिक ताणून अडीच मीटरवर नेली, तर पाहणाऱ्याला आपण अधांतरी लटकतोय असं वाटतं.

इथे शिवणीबद्दल सांगायला हवं. या कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावून दोन फिशआय लेन्स असतात. दोघींना अर्ध्या गोलापेक्षा थोडं जास्त दिसतं आणि त्या सामाईक पट्ट्यात सॉफ्टवेअर दोन चित्रं शिवतं. लेन्स एकाच बिंदूत नसल्यामुळे जवळची वस्तू दोघींना किंचित वेगळी दिसते आणि शिवणीवर तुटते. माजघराच्या दारात माझी चौकट अशीच दुभंगली होती. कॅमेरा पाव फेरी वळवला, एकेक लेन्स चौकटीच्या एकेका खांबाकडे केली, तशी शिवण दूरच्या भिंतींवर गेली आणि चौकट सांधली. माणूस मीटरभराच्या आत असेल, तर त्यालाही लेन्ससमोर उभं करा, बाजूला नको.

संपादनात पहिली चूक क्षितिजाची. गोल चित्र उलगडून २:१ मापाच्या आयतात ठेवतात, पृथ्वीच्या गोलाचा नकाशा करतात तसं. या सपाट चित्रात दूरचं क्षितिज मधोमध सरळ रेषेत दिसलं पाहिजे. ते लाटेसारखं वरखाली होत असेल, तर कॅमेरा कलला होता असं समजा. आत्याचं घर कलंडत होतं ते याचमुळे. संपादनाच्या ॲपमध्ये क्षितिज लॉक करायची सोय असते, ती चालू करा.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. स्टॅबिलायझेशन लावलं की हादरे जातात, पण कॅमेरा वळला की दृश्यही वळतं. डोकं स्थिर आणि जग फिरतंय, याइतकं वाईट काही नाही. म्हणून दिशाही लॉक करावी. मी वर शहाणपणाने कीफ्रेम टाकून, म्हणजे कुठल्या क्षणी कुठे पाहायचं ते ठरवून, नजर तुळशीवृंदावनाकडे वळवली होती. साध्या व्हिडिओत हे छान दिसतं, हेडसेटमध्ये मान दुसऱ्याने धरून फिरवल्यासारखं वाटतं. मान पाहणाऱ्याची आहे, ती त्यालाच वळवू द्या. आपण फक्त कटच्या जागी काळजी घ्यायची: ओटीवरून तो दाराकडे पाहत असेल, तर पुढच्या दृश्यात पाहण्याजोगी गोष्ट त्याच दिशेला येईल असं चित्र आडवं सरकवून ठेवायचं.

दृश्य धुरकट वाटलं, तर लगेच कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका. कॅमेऱ्याचं ५.७के म्हणजे आडवे ५७६० पिक्सेल, पण ते पूर्ण घेऱ्यात वाटलेले. एका वेळी डोळ्यांसमोर ९० अंश धरले, तर वाट्याला १४४०च येतात. त्यामुळे निर्यात करताना आकार कमी करू नये.

नव्या व्हिडिओत आत्या ओटीवर आरामात रमली, माळ्याकडेही मान वर करून पाहिलं. मग विहिरीशी आली आणि सवयीने डोकावायला पुढे वाकली. तशी विहीरही तिच्यासोबत पुढे सरकली! असा व्हिडिओ मान वळवलेली ओळखतो, पण डोकं पुढे नेलेलं त्याला कळत नाही, कारण चित्रण एकाच बिंदूवरून झालेलं असतं. यावर संपादनात उपाय नाही. म्हणून तिसऱ्या वेळी कॅमेरा विहिरीच्या कठड्यावरच पक्का बांधला, नुसती मान खाली घातली की पाणी दिसेल असा.