माईक चालू राहिला आणि खाजगी वाक्य रेकॉर्ड झालं, तर

दसरा चौकातल्या एका सभागृहात सत्कार सुरू होता. खुर्चीत बसता बसता पाहुणे शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "आवरा की आता, भूक लागलीया." कॉलरचा माईक चालूच!

असं वाक्य म्यूट करू नका. पंख्यांची घरघरही तेवढ्यापुरती बंद पडते आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की इथं काहीतरी कापलंय. त्याऐवजी त्याच रेकॉर्डिंगमध्ये कुणीच बोलत नाही असे दोन-तीन सेकंद शोधा. दोन भाषणांच्या मधे ते हमखास सापडतात. तो तुकडा वाक्यावर ठेवा आणि दोन्ही टोकांना साधारण २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरत असतानाच दुसरा चढत येतो. वाक्य संपल्यावर हॉलमध्ये घुमणारा आवाजही झाकायला हवा, नाहीतर "लागलीया"चं शेपूट मागे उरतं. लांबी बदलत नसल्यामुळे व्हिडिओ सरकत नाही. हलणारे ओठ तेवढे प्रेक्षकांच्या शॉटनं झाका.

वाक्य टाळ्यांत आलं असेल, तर त्याच टाळ्यांचा पुढचा तुकडा वापरा, क्रॉसफेड मात्र अर्धा सेकंद तरी ठेवा. निवेदकाच्या बोलण्यावरच आलं असेल आणि माईक वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील, तर फक्त पाहुण्यांचा ट्रॅक बंद करा. सगळं एकाच ट्रॅकवर असेल, तर निवेदकाचंही ते वाक्य सोडावं लागतं.

शेवटी हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका.