क्रियापद कुणाचं ऐकतंय? वाक्यातला लांबचा मेळ कसा ओळखावा

कुलूप गंजलंय, किल्ली फिरत नाही. घरातली बाई म्हणते, "मला दरवाजा उघडता आला नाही." बोलणारी स्त्री, पण क्रियापद 'आला'. खिडकीचं तसं झालं तर ती म्हणेल "खिडकी उघडता आली नाही", आणि चारही खिडक्या अडकल्या तर "उघडता आल्या नाहीत".

आता विचार करा, 'आला' कोण? दरवाजा तर कुठून आला नाही. दरवाज्याचं नातं 'उघडणे' या क्रियेशी आहे, तो त्या क्रियेचं कर्म आहे. तरीही 'येणे' हे बाहेरचं क्रियापद स्वतःच्या माणसाला, म्हणजे 'मला'ला, सोडून आतल्या क्रियेच्या कर्माशी लिंग-वचन जुळवतं. भाषाशास्त्रात या प्रकाराचा बराच अभ्यास झाला आहे. इथे आपण त्याला 'लांबचा मेळ' म्हणू. एखाद्या वाक्यात तो खरंच आहे की नुसता भास आहे, हे तपासण्याची पद्धत पुढे देते.

पहिली पायरी: बाहेरच्या क्रियापदाचा कर्ता पाहा

मराठीत नामाला 'ने' किंवा 'ला' लागला की क्रियापद सहसा त्याच्याशी जुळत नाही. म्हणून एकाच अर्थाची दोन वाक्यं शेजारी ठेवावीत: "मी दरवाजा उघडू शकले नाही" आणि "मला दरवाजा उघडता आला नाही". पहिल्यात 'मी'ला प्रत्यय नाही, त्यामुळे 'शकले' तिच्याशी जुळलं आणि दरवाजाकडे पाहायची गरजच पडली नाही. दुसऱ्यात 'मला' बाद झालं, म्हणून क्रियापद आत शोधायला गेलं. तुमच्या वाक्यातलं क्रियापद कर्त्याशीच जुळत असेल तर तपासणी इथेच संपली, लांबचा मेळ नाही.

दुसरी पायरी: कर्म बदलून पाहा, पण नपुंसकलिंगी एकवचन टाळा

बहुतेकांची चूक इथेच होते. "मला दार उघडता आलं नाही" या वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जुळायला कुणीच सापडलं नाही की मराठी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. "मला पोहता आलं नाही" यात कर्मच नाही, तरी 'आलं'च. म्हणजे दाराच्या वाक्यातलं 'आलं' दाराशी जुळलंय की निराधार म्हणून तिथे बसलंय, हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे दरवाजा, खिडकी, खिडक्या अशी नामं घ्यावीत. आला, आली, आल्या असं क्रियापद त्यांच्यामागे फिरलं तर मेळ खरा. हिंदीत ही निराधार जागा पुल्लिंगी एकवचनाची आहे, म्हणून तिथे तपासताना स्त्रीलिंगी कर्म घ्यावं.

तिसरी पायरी: आतली क्रिया काढून टाका

"मला तबला वाजवता येतो" हे उदाहरण पहिल्यांदा सुचतं, पण ते फसवं आहे. 'वाजवता' काढलं तरी "मला तबला येतो" हे चांगलं मराठी वाक्य उरतं. मग तबला थेट 'येणे'चाच असू शकतो, आणि मेळ लांबचा न राहता जवळचा ठरतो. "मला खिडकी आली नाही" याला मात्र काही अर्थ नाही. खिडकी 'उघडणे'चीच आहे, हे इथे पक्कं होतं.

चौथी पायरी: कर्माला 'ला' लावा

"बाबांना पिशवी उचलता आली नाही", पण "बाबांना त्या मुलीला उचलता आलं नाही". 'ला' लागताच मुलगीही बाद झाली आणि क्रियापद निराधार जागेवर गेलं. म्हणजे बाहेरच्या कर्त्याला अडवणारा नियमच आतल्या कर्मालाही लागू आहे. अंतर जास्त असलं तरी यंत्रणा नेहमीच्या मेळाचीच आहे, याचा हा चांगला पुरावा.

आता एक वाक्य सगळ्या पायऱ्यांतून नेऊ. "वॉचमनने आम्हाला गाडी लावू दिली नाही." कर्त्याला 'ने' आहे, म्हणजे तो बाद. कर्म बदला: टेम्पो लावू दिला नाही, सायकली लावू दिल्या नाहीत. क्रियापद फिरतंय. 'लावू' काढा: "वॉचमनने आम्हाला गाडी दिली नाही." वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ पार बदलला. मूळ वाक्यात प्रश्न गाडी देण्याचा नव्हता, परवानगी देण्याचा होता. वाक्य उरतं एवढ्यावर थांबू नये, अर्थ तोच राहतो का ते पाहावं. शेवटी, "वॉचमनने आम्हाला त्या मुलाला भेटू दिलं नाही." इथे मुलाला 'ला' आहे, म्हणून 'दिलं'. चारही पायऱ्या पार.

पाचवी पायरी: आतलं वाक्य खरंच वेगळं आहे का?

ही सर्वांत अवघड, आणि मला सर्वांत आवडणारी. दोन वेगळे काळ घालून पाहा. "आईने काल सांगितलं की उद्या सिनेमा बघ" हे चालतं. "आईने मला काल उद्या सिनेमा बघू दिला" हे चालत नाही. 'बघू'ला स्वतःचा काळ नाही, तो 'दिला'ला चिकटलेला आहे. उर्दूतल्या अशाच 'देना'च्या रचनेचा अभ्यास करून भाषाशास्त्रज्ञ मिरियम बट यांनी तिथे दोन क्रिया मिळून एकच वाक्य होतं, असं दाखवलं. 'करता येणे'लाही हा संशय लागू पडतो. म्हणून मराठीत मेळ आतल्या वाक्याची सीमा ओलांडतो असं ठामपणे म्हणण्याआधी ती सीमा किती पातळ आहे ते पाहावं. 'की' आला की सीमा जाड होते. "मला वाटलं की खिडकी उघडी आहे" यातलं 'वाटलं' कधीच 'वाटली' होत नाही.

हिंदीत 'चाहना' घेऊन हेच करा. "राम ने रोटी खाना चाहा" आणि "राम ने रोटी खानी चाही", दोन्ही चालतात. मात्र 'खाना चाही' असं अर्धवट जुळवता येत नाही. आतली आणि बाहेरची क्रिया एकत्र जुळतात किंवा दोन्ही जुळत नाहीत. राजेश भट्ट यांच्या 2005 च्या लेखात याची बारकाईने मांडणी आहे. मराठीत अशी निवड नाही. "मला खिडकी उघडता आलं नाही" हे नव्याने मराठी शिकणाऱ्याचं वाक्य म्हणून लगेच कानाला खटकतं.

निवड असेल तिथे आणखी एक प्रश्न विचारावा: मेळ केल्याने अर्थ बदलतो का? रशियातल्या दागेस्तानमध्ये त्सेझ नावाची भाषा बोलतात. तिथे नामांचे चार वर्ग आहेत आणि मेळ क्रियापदाच्या सुरुवातीला दिसतो. "मुलाने पाव खाल्ला हे आईला माहीत आहे" या अर्थाच्या वाक्यात 'माहीत असणे'च्या आधी 'र' लावला तर क्रियापद अख्ख्या आतल्या वाक्याशी जुळतं. 'ब' लावला तर ते आतल्या पावाशी जुळतं. मारिया पोलिन्स्की आणि एरिक पॉट्सडॅम यांनी 2001 मध्ये दाखवलं की 'ब' तेव्हाच येतो, जेव्हा बोलणं पावाबद्दल चाललेलं असतं. आपल्याकडे 'वाटलं' जिथे अडून राहतं, तसल्याच जागी त्सेझचं क्रियापद आत पोहोचतं, आणि चर्चा कशाची आहे हे त्या एका अक्षरातून कळतं.