लॉक स्क्रीनवरची ओळ वाचलीच जात नाही? या चुका टाळा

खिशातून फोन काढला की तो उघडेपर्यंत जेमतेम एक सेकंद मिळतो. बोटाच्या ठशाने किंवा चेहरा ओळखून उघडणाऱ्या फोनवर तेवढाही मिळत नाही. लॉक स्क्रीनवर लिहिलेल्या प्रेरणेच्या ओळीला एवढाच वेळ असतो, आणि तोही दिवसातून कितीतरी वेळा. तरी आपण तिथे लावतो काय? कुणीतरी सकाळी पाठवलेलं सुविचाराचं चित्र. मागे उगवता सूर्य, त्यावर चार ओळींचा मजकूर, खाली कुणा थोर माणसाचं नाव आणि कोपऱ्यात फुलं. ते चित्र निवांत वाचायला ठीक आहे. लॉक स्क्रीनवर ते दोन दिवसांत नुसता रंगीत पडदा होऊन जातं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक लांबीची. माझी भाची पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या फोनवर ही ओळ होती: "यश मिळवायचं असेल तर आधी अपयश पचवायला शिका, कारण प्रत्येक अपयश तुम्हाला यशाच्या एक पाऊल जवळ नेतं." मी तिला फोन पालथा ठेवायला सांगितलं आणि विचारलं, काय लिहिलंय त्यावर? "मामा, काहीतरी अपयशाबद्दल आहे," एवढंच तिला सांगता आलं. म्हणजे सतरा शब्दांतला जो शब्द तिला रोज दिसायला नको होता, नेमका तोच डोळ्यांत शिरला होता.

हे नेहमी होतं. धावत्या नजरेला वाक्य दिसत नाही, एखाद-दुसरा ठळक शब्द दिसतो. म्हणून "हार मानू नकोस" या ओळीतून "हार" पोचते आणि "घाबरू नकोस"मधून घाबरणं. नकारार्थी ओळ कागदावर चांगली वाटते, पण लॉक स्क्रीनवर ती उलटी पडते. जे व्हावंसं वाटतं त्याचाच शब्द लिहावा.

भाचीची ओळ आम्ही अशी उतरवत आणली. "कारण"च्या पुढचा भाग आधी काढला, कारण तो समजूत घालण्यासाठी होता आणि समजूत रोज घालावी लागत नाही. उरलेल्या अर्ध्यात "शिका" हा उपदेश होता, तोही गेला. मग तिला विचारलं, दिवसात नेमकं कुठे अडतं? ती म्हणाली, "वाचायचं ठरवलेलं दुसऱ्या दिवसावर ढकललं जातं." तिथून ओळ निघाली: "आजचं पान आज." तीन शब्द. यश नाही, अपयश नाही, पण तिच्या टेबलावरच्या पुस्तकाशी थेट नातं.

चार शब्दांच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे. पाचवा शब्द आला की बहुतेक वेळा दुसरी ओळ लागते आणि अक्षर लहान करावं लागतं. थोरामोठ्यांचं नावही काढून टाका. ते बारीक अक्षरात असतं, वाचलं जात नाही, आणि फिरत्या चित्रांवरची बरीच नावं चुकीचीच असतात.

दुसरी चूक सुराची. "उठ! धाव! जिंकल्याशिवाय थांबू नकोस!" पहिल्या दिवशी हे अंगावर येतं आणि बरं वाटतं. आठवड्याने तीच ओळ ओरडणाऱ्या माणसासारखी वाटू लागते आणि आपण तिच्याकडे बघणं टाळतो. रोज बघायची ओळ शांत हवी. मराठीत "जमेल", "होईल", "करूया" अशी क्रियापदं आहेत. त्यांत कुणी कुणाला हुकूम सोडत नाही, आणि करतो की करते हा प्रश्नही येत नाही. "सावकाश, पण रोज." "आधी दहा मिनिटं." "पहिला तास माझा." रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला "पहाट होतेच" ही ओळ पुरते. दुकान चालवणाऱ्याला "एकेक गिऱ्हाईक" पुरेल. "प्रयत्नांती परमेश्वर" ही तर तयार दोन शब्दांची ओळ आहे, फक्त जोडाक्षरं जास्त असल्याने तिला मोठं अक्षर लागतं.

एक सावधगिरी इथेच सांगतो... नव्हे, आग्रहच धरतो: लॉक स्क्रीन खासगी नसते. लोकलमध्ये शेजारचा, ऑफिसात समोरचा, घरी मुलं असे सगळे ती वाचतात. "कर्ज फेडायचंय" किंवा "दहा किलो कमी" अशी ओळ कुणी वाचली की ती आपल्यालाच टोचू लागते. तोच अर्थ "एकेक हप्ता" किंवा "आज चालून ये" यात येतो आणि कुणाला काही कळत नाही.

आता अक्षराकडे. देवनागरी ओळीचं बळ शिरोरेषेत असतं. ती सलग असली की शब्द एकसंध दिसतो आणि चटकन ओळखू येतो. चित्र बनवायच्या ॲपमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायची पट्टी असते. इंग्रजी अक्षरांना ती शोभते, पण मराठीत ती ओढली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ते अंतर शून्यावरच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हवं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत घुसली की दोन्ही ओळी वाचायला जड जातात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवलं की सहसा भागतं.

फाँट साधा घ्यावा. मुक्त, हिंद, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फाँट फुकट मिळतात आणि ठळक रूपातही स्वच्छ राहतात. जुना, युनिकोड नसलेला फाँट निवडला तर चौकोन उमटतात किंवा अक्षर बदलतच नाही. वळणदार इंग्रजी फाँट निवडलात तर त्यात मराठी अक्षरंच नसतात, मग ॲप गुपचूप दुसराच फाँट लावतं आणि आपण म्हणतो, "हे असं का दिसतंय?" काही ॲपना जोडाक्षरं जमत नाहीत. पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसली किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर फाँट नव्हे, ॲप बदला. आणि "दुसऱ्या", "साऱ्या" यांत ऱ नीट टाइप झालाय ना ते बघा. "दुसर्या" असं रफार चढलेलं रूप रोज डोळ्यांसमोर येणं मराठी माणसाला खरंच खुपतं. चित्र एकदा बनलं की ते दुरुस्तही करता येत नाही.

पार्श्वभूमीची चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. फोन हातभर लांब धरा आणि डोळे किंचित मिटा. ओळीचा काही भाग विरघळला, तर मागचं चित्र दोषी आहे. सूर्योदयाच्या फोटोत वर उजेड आणि खाली काळोख असतो. पांढरी ओळ मधोमध लिहिली की तिचा वरचा भाग आकाशात हरवतो. अक्षरांना काळी किनार लावणं हा उपाय नाही, कारण घ, ष, क्ष यांच्यातली पोकळी किनारीने बुजते. अक्षरांमागे गडद, अर्धपारदर्शक पट्टा टाकावा, नाहीतर सरळ एकरंगी पार्श्वभूमी घ्यावी. गडद निळ्या किंवा गडद हिरव्या रंगावर मोतिया रंगाचं अक्षर दिवसा उन्हात दिसतं आणि रात्री दोन वाजता डोळ्यांवर येत नाही. शुभ्र पार्श्वभूमी रात्री नकोशी होते.

राहिली जागा. ओळ नेमकी घड्याळाखाली किंवा नोटिफिकेशनमागे जाते, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. यावर अंदाज बांधत बसू नये. फोनवर दोन-तीन नोटिफिकेशन असताना लॉक स्क्रीनचाच स्क्रीनशॉट घ्या. चित्र बनवायच्या ॲपमध्ये तो सगळ्यात खाली ठेवा आणि जी जागा खरोखर मोकळी दिसते तिथे ओळ बसवा. मग स्क्रीनशॉट काढून टाका आणि त्याजागी रंग भरा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर नोटिफिकेशन घड्याळाखालून सुरू होऊन खाली वाढतात, म्हणून ओळ स्क्रीनच्या खालच्या भागात, पण बोटाच्या ठशाच्या खुणेच्या वर बसते. आयफोनवर 2022 मधल्या आयओएस 16 पासून नोटिफिकेशन तळाकडून वर येतात. तिथे ओळ घड्याळ आणि विजेट्सच्या लगेच खाली हवी.

भाचीच्या अँड्रॉइड फोनची स्क्रीन 1080 × 2400 पिक्सेलची. चित्र त्याच मापाचं घेतलं. "आजचं पान आज" ही ओळ 150 पिक्सेल आकारात एकाच ओळीत मावली आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागाही उरली. प्रत्यक्ष स्क्रीनवर अक्षर साधारण अर्ध्या सेंटीमीटरचं दिसत होतं. ओळ वरून सुमारे 1600 पिक्सेलवर ठेवली. एवढं करूनही पहिल्यांदा वॉलपेपर लावल्यावर पहिला "आ" आणि शेवटचा "ज" कडेला टेकले होते, कारण फोनने चित्र आपोआप थोडं मोठं केलं होतं. लावतानाच दोन बोटांनी चिमटीत धरून ते आत घेतलं आणि काम झालं. तुमच्या फोनवर चिमटीने चित्र लहान होत नसेल, तर दोन्ही कडांना आणखी जागा सोडून पुन्हा बनवा. वॉलपेपर हलता ठेवण्याचा पर्याय असेल तर तोही बंद करा.

चित्र दुसऱ्याला पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि पीएनजी ठेवा. साधा फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके येतात. एकरंगी पार्श्वभूमीवर ते लगेच उठून दिसतात.

सगळं नीट करूनही काही आठवड्यांनी ओळ दिसेनाशी होते. नजर तिला सरावते. अशा वेळी बरेचजण चित्र, रंग, जागा सगळंच बदलतात आणि नजरेला पुन्हा शोधाशोध करायला लावतात. जागा आणि अक्षर तेच ठेवा, फक्त शब्द बदला. भाचीने पूर्व परीक्षा झाल्यावर "आजचं पान आज" काढून "लिहून बघूया" लावलं, कारण मुख्य परीक्षेला उत्तरं लिहावी लागतात आणि तिचं अडणं आता तिथे होतं.

ज्यांना चित्र बनवायचंच नाही, त्यांच्यासाठी बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, लॉक स्क्रीनच्या विभागात, स्वतःचा मजकूर लिहायची सोय असते. फोन हरवला तर संपर्कासाठी नंबर द्यावा म्हणून ती दिलेली असते, पण ओळही तिथे चालते. अक्षर लहान येतं आणि आकार सहसा बदलता येत नाही, म्हणून तिथे दोनच शब्द लिहा. घड्याळ आणि नोटिफिकेशन तिला झाकत नाहीत, शिवाय शब्द बदलायला अर्धं मिनिटही लागत नाही.